बिऱ्हाड कुणाच्या मागे?



गेल्या फेब्रुवारीत नाशिकच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं. तिच्या परवानगीनं तिची गोष्ट इथं सांगते आहे, नाव मात्र घालत नाही. ती औषधं तयार करणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात काम करते. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात उत्पादन विभागात. मुलगी तेव्हा नववीत होती, मुलगा चौथीत. एका महिन्यात दोघांना दोन वेगवेगळ्या शहरांतून नोकरीचं बोलावणं आलं. त्याला बंगळुरूहून, तिला पुण्याहून. त्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी घरात पेढे आले, शेजारी वाटले गेले, सासूबाईंनी देवापुढे ठेवले. तिचं पत्र चार दिवसांनी आलं. ते तिनं आठ दिवस कुणालाच दाखवलं नाही.

का दाखवलं नाही, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "ताई, त्याचं पत्र ही बातमी होती. माझं पत्र दाखवलं असतं तर ती अडचण झाली असती."

हे वाक्य मी बरेच दिवस डोक्यातून काढू शकले नाही. मागच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. नवऱ्याची बदली झाली की बायकोनं भांडी पोत्यात भरायची. माझ्या आईनं असं बिऱ्हाड सहा वेळा हलवलं. तिला नोकरी नव्हती, त्यामुळे काय सोडलं याचा हिशेब करायची वेळ तिच्यावर आली नाही, किंवा आली असेल तर तो तिनं कधी बोलून दाखवला नाही. आता बाईही कमावते आणि तिलाही बोलावणं येतं. तरी निर्णय होतो तो बहुतेक घरांत जुन्याच पद्धतीनं. फरक एवढाच की आता त्याला आकड्यांचा आधार दिला जातो: ज्याचा पगार जास्त त्याच्या मागे बिऱ्हाड. ऐकायला हे अगदी सरळ, निःपक्षपाती वाटतं. बाई-पुरुष हा शब्दही त्यात येत नाही. या नाशिकच्या घराचा हिशेब आम्ही एका रविवारी वही घेऊन, दोघांना समोरासमोर बसवून मांडला. तेव्हा हा सरळपणा कसा दिसतो ते कळलं. तोच हिशेब तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट पत्रांवरच्या आकड्यांची. त्याच्या पत्रात वर्षाचे 24 लाख, तिच्या पत्रात 15 लाख. दोघंही हेच दोन आकडे धरून बसले होते. पण अशा पत्रात जो वार्षिक आकडा असतो, ज्याला सीटीसी म्हणतात, त्यात कंपनीनं भरायचा प्रॉव्हिडंट फंडाचा हिस्सा असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, आणि काम बघून मिळायचा किंवा न मिळायचा बोनसही असतो. ते सगळं आणि कर वजा करून महिन्याला हातात काय पडेल ते आधी काढायला लावलं. त्याचे निघाले सुमारे 1,60,000, तिचे 1,05,000. आजचे पगार होते त्याचा 1,10,000 आणि तिचा 68,000. म्हणजे आज घरात महिन्याला 1,78,000 येत होते.

आता सगळं कुटुंब बंगळुरूला गेलं असतं तर? त्याचे 1,60,000, तिचे काही नाही. घरात येणारा पैसा 18,000 रुपयांनी कमी झाला असता. तो 50,000 च्या वाढीच्या आनंदात होता आणि त्या वाढीसाठी 68,000 सोडावे लागणार होते, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वही त्याच्याकडे सरकवली तेव्हा त्यानं तीन वेळा बेरीज करून पाहिली. मग म्हणाला, "पण तिला तिकडे काहीतरी मिळेलच की."

मिळेलही. बंगळुरूला औषध कंपन्या आहेत. पण हेच वाक्य उलट करून बघा. पुण्याला त्याला काहीतरी मिळेलच की! चाकण, भोसरी, तळेगाव हा सगळा पट्टा त्याच्याच धंद्याचा. तरी त्याच्याबद्दल बोलताना कुणाच्या तोंडी "काहीतरी" हा शब्द येत नव्हता. पुण्याचा विचार निघाला की लगेच विचारलं जायचं, त्याची नोकरी काय होणार? बंगळुरूचा विचार निघाला की तिच्या नोकरीचं काहीतरी होणारच होतं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पुण्याचा नुसता आकडाही काही फार बरा नव्हता. सगळे पुण्याला गेले आणि तो काही महिने घरी बसला तर 1,05,000. बंगळुरूच्या 1,60,000 पेक्षा कितीतरी कमी. नुसतं पहिल्या महिन्याचं बघितलं तर बंगळुरूच जिंकतं. पहिल्याच महिन्याचं बघणाऱ्या घरांत जे होतं ते इथंही झालं असतं. म्हणून आम्ही आणखी मागे गेलो. आजचे हे दोन पगार, 1,10,000 आणि 68,000, झाले कसे?

2013 साली हे जोडपं औरंगाबादला होतं. (आता ते छत्रपती संभाजीनगर झालं आहे.) तेव्हा त्याचा पगार 27,000 होता आणि तिचा 24,000. अंतर तीन हजारांचं. त्याला नाशिकला चांगली जागा मिळाली. अंतर तीन हजारांचं असलं तरी जास्त त्याचाच, त्यामुळे बिऱ्हाड नाशिकला. तिनं राजीनामा दिला. तेव्हा तिच्या नोकरीला 4 वर्षं 7 महिने झाले होते. ग्रॅच्युइटीचा हक्क कायमच्या नोकरदाराला लागतो तो 5 वर्षांच्या सलग सेवेनंतर. पाच महिने थांबली असती तर दर वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून, असा तिचा हिशेब झाला असता. तेव्हाच्या 12,000 मूळ पगारावर ते 34,600 च्या आसपास होतात. रक्कम काही डोळे दिपवणारी नव्हती. पण ती सोडताना कुणी मोजलीसुद्धा नव्हती. तीही नाही.

प्रॉव्हिडंट फंडाचं तर त्याहून वाईट झालं. नाशिकच्या घराच्या डिपॉझिटला पैसे हवेत म्हणून तिचा फंड काढला, त्याच्याबरोबर पेन्शनचे पैसेही काढून घेतले. त्याचा फंड तसाच नव्या नोकरीत वर्ग झाला, कारण त्याची नोकरी चालू होती. फंडाबरोबरची जी पेन्शन योजना असते तिच्यात पेन्शन लागायला किमान 10 वर्षांची सेवा लागते. दहा वर्षांच्या आत नोकरी सुटली तर पैसे न काढता योजनेचं प्रमाणपत्र घेऊन ठेवता येतं, म्हणजे ती वर्षं पुढच्या नोकरीत धरली जातात. हे तिला कुणी सांगितलं नाही. औरंगाबादची साडेचार वर्षं पुसली गेली. पुढे नाशिकला तिला लगेच काम मिळालं नाही. मग मुलगा झाला. 2017 साली ती पुन्हा नोकरीला लागली ती 26,000 वर, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या पगाराला जेमतेम दोन हजारांची भर घालून, आणि आधी तिच्या हाताखाली असलेल्या मुलींच्या बरोबरीनं. त्याचा पगार तोवर 45,000 झाला होता.

तीन हजारांच्या फरकानं एक निर्णय झाला आणि त्या निर्णयानं फरक एकोणीस हजारांचा केला. आज तो बेचाळीस हजारांचा आहे. मग आज पुन्हा म्हणायचं, ज्याचा पगार जास्त त्याच्या मागे बिऱ्हाड? हा हिशेब दर वेळी आपलंच आधीचं उत्तर पुढे करून त्याच उत्तरावर येतो. पुढच्या वेळी फरक एक लाखाचा असेल आणि तेव्हा तर वही उघडायचीही गरज पडणार नाही.

म्हणून आम्ही दोघांना एक वेगळा प्रश्न विचारला. आत्ताची संधी सोडली तर अशी पुन्हा कधी येईल? त्यानं खरं सांगितलं. त्याची अठरा वर्षांची सलग नोकरी, धंद्यात ओळखी. वर्ष-दीड वर्षानं कुठून ना कुठून विचारणा येतेच. बंगळुरूची जागा मोठी होती, कारखाना मोठा होता, पण हुद्दा जवळजवळ आजचाच. तिला मात्र आठ वर्षांत आलेलं हे पहिलं बोलावणं. तेही विभागप्रमुखाचं. तिचं वय 41. आत्ता नाही म्हटलं तर विभागप्रमुख न होताच ती निवृत्त व्हायची शक्यता मोठी. त्याची वाढ 50,000 ची दिसते आणि तिची 37,000 ची, पण नकार दिला तर तिचं नुकसान भरून यायला जास्त अवघड होतं.

दुसरं, "तिकडे काहीतरी मिळेल" हे नुसतं बोलून सोडायचं नाही, करून बघायचं असं ठरवलं. दोन्ही कंपन्यांनी उत्तराला थोडी मुदत दिली होती. त्या पंधरा दिवसांत तिनं बंगळुरूला अर्ज टाकायचे आणि त्यानं पुण्याला. हे मी प्रत्येक घराला सांगेन. मागे जाणाऱ्यानं होकार देण्याच्या आधी काम शोधून बघावं, सामान बांधल्यावर नाही. कारण एकदा सामान बांधलं की तुम्ही मिळेल ते घेता. पंधरा दिवसांत त्याला पुण्यात दोन मुलाखती झाल्या आणि एका ठिकाणी आजच्यापेक्षा पाच हजार कमी, 1,05,000 वर जागा मिळत होती. तिला बंगळुरूहून एकच फोन आला. पलीकडच्या माणसानं पहिलाच प्रश्न विचारला, "2013 ते 2017 तुम्ही काय करत होता?" पंधरा दिवस हा काही फार काळ नाही, आणखी दोन महिन्यांत तिलाही मिळालं असतं कदाचित. पण कुणाच्या मागे कोण गेल्यानं किती पडझड होते याचा अंदाज त्यातून आला.

आता मुलांचं. "मुलं शाळेत रुळली आहेत" हे वाक्य या सगळ्या चर्चेत फार येतं, आणि बहुतेक वेळा ते एकाच बाजूनं येतं. त्याच्या बंगळुरूबद्दल बोलताना सासूबाई म्हणत होत्या, "पोरं काय, आठ दिवसांत रुळतात." तिच्या पुण्याची गोष्ट निघाल्यावर त्याच म्हणाल्या, "अगं, पोरं इथं रुळलीत, त्यांना कशाला उपटायचं?" पुणं दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर, बोर्ड तेच, भाषा तीच. बंगळुरू हजार किलोमीटरच्या पलीकडे. त्यांना दोष देत नाही. वाईट मनानं त्या बोलत नव्हत्या. पण मुलांची शाळा ही ढाल म्हणून पुढे केली जात असेल तर ती दोन्ही पत्रांपुढे सारखीच धरून बघायला हवी.

तशी धरून बघितल्यावर दोन मुलांची दोन उत्तरं निघाली. मुलाची शाळा चौथीपर्यंतचीच होती. जूनमध्ये त्याला पाचवीसाठी नव्या शाळेत जायचंच होतं, मग ती नाशिकची असो की पुण्याची. रुळलेला मुलगा तसाही उपटला जाणारच होता! मुलीचं वेगळं. ती दहावीत जाणार होती. दहावीच्या उंबरठ्यावर बोर्ड बदलणं कठीण असतं. केंद्रीय बोर्डात नववी-दहावी हा जोडअभ्यासक्रम मानतात आणि मध्येच दहावीत प्रवेश सहजी देत नाहीत. शिवाय मुलीच्या मनात डॉक्टर व्हायचं होतं. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्याच्या जागांसाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते. काही सवलती आहेत, पण त्या मुख्यतः सरकारी बदलीवर जाणाऱ्यांच्या मुलांना. तिकडे कर्नाटकात राज्याच्या जागांसाठी मुख्य अट आहे ती किमान सात वर्षं तिथं शिकल्याची. दहावीला बंगळुरूला गेलेली मुलगी इकडचीही राहिली नसती आणि तिकडचीही झाली नसती. हे आई-बापांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ज्या घरात मुलं आठवी ते बारावीच्या दरम्यान आहेत आणि दुसऱ्या राज्याचा विचार आहे, तिथं पगाराच्या पत्राआधी प्रवेशाचे नियम मागवून वाचा. एका शहरातून त्याच राज्यातल्या दुसऱ्या शहरात जाताना ही भानगड नसते. शाळा सोडल्याचा दाखला घ्यायचा, आणि दहावीचा फॉर्म भरण्याच्या बऱ्याच आधी, म्हणजे जूनलाच, नव्या शाळेत नाव घालायचं.

एवढं होईपर्यंत धाकटे दीर चर्चेत उतरले. त्यांचं म्हणणं, वाद कशाला, कायद्यानंच बाईनं नवऱ्याच्या घरी राहायचं असतं. हे ऐकून ती गप्प झाली, कारण तिलाही तसंच वाटत होतं. आपल्यातल्या पुष्कळ जणींना वाटतं. तेव्हा ही गोष्ट जरा सविस्तर सांगते.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 खाली, जोडीदार सबळ कारणाशिवाय वेगळा राहत असेल तर दुसऱ्याला न्यायालयात दाद मागता येते. हे कलम नवरा-बायको दोघांनाही सारखंच आहे. घर कुठं असावं ते नवऱ्यानं ठरवायचं असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. पण बरीच वर्षं न्यायालयं तसं गृहीत धरत होती. साठच्या दशकात पंजाब उच्च न्यायालयानं तीरथ कौर खटल्यात बाईनं नोकरी सोडून नवऱ्याकडे जावं असं धरलं. पुढे सत्तरच्या दशकात पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं शिक्षिका असलेल्या कैलाशवती यांच्या खटल्यातही घराची जागा ठरवण्याचा अधिकार नवऱ्याकडेच दिला. मग 1978 साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे स्वराज गर्ग विरुद्ध के. एम. गर्ग हा खटला आला. स्वराज गर्ग पंजाबातल्या सुनाम इथं शिक्षिका होत्या, 1956 पासून. लग्न 1964 चं, तेव्हा त्या मुख्याध्यापिका होत्या. नवरा परदेशातून परतून दिल्लीत महिना 500 रुपयांच्या नोकरीला होता. तिची कमाई त्याच्याहून जास्त होती. तरी त्याचं म्हणणं, तिनं नोकरी सोडून दिल्लीला यावं. न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी निकाल लिहिला. घर कुठं करायचं हे ठरवण्याचा वरचढ अधिकार नवऱ्याला नाही आणि बायकोलाही नाही, तसा तो नवऱ्यालाच देणारा कायदा असता तर तो राज्यघटनेच्या 14 व्या कलमातल्या समानतेच्या विरुद्ध झाला असता, असं त्यात म्हटलं आहे. लग्नाआधी काही ठरलेलं नसेल तर दोघांनी मिळून, सोयी-गैरसोयी बघून ठरवायचं. चांगली नोकरी सोडायला तयार नसणं हे वेगळं राहण्याचं सबळ कारण होऊ शकतं, हे या निकालानं मान्य केलं.

पुढे 1983 साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयानं कलम 9 च रद्द ठरवलं, पण 1984 मध्ये सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. ते आजही आहे. म्हणजे कुणी खटला घालणारच नाही असं नाही. पण खटला घातला की नवरा म्हणेल तेच घर, असं कायदा म्हणत नाही. दीरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मला आपलं वाटलं होतं." त्यांच्या या प्रामाणिकपणाचं मला कौतुक वाटलं.

सरकारी नोकरीतल्या मैत्रिणींसाठी इथंच दोन वाक्यं. केंद्र सरकारच्या 1986 च्या आणि नंतर 2009 च्या सूचनांनुसार नवरा-बायकोला शक्यतो एकाच ठिकाणी नेमायचं असतं, आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मागता येते. मात्र आंतरजिल्हा बदली घेणाऱ्या शिक्षिकेची सेवाज्येष्ठता नव्या जिल्ह्यात तळापासून सुरू होते. अर्ज कुणी करायचा, तिनं की त्यानं, हे म्हणूनच घरात बोलून ठरवायला हवं. आमच्याकडे विचारायला येणाऱ्या बहुतेक घरांत अर्ज तिनंच केलेला असतो.

परत नाशिकला येऊ. सगळ्यांनी एकाच वेळी हलायचं नाही, हा विचार आधी कुणी केलाच नव्हता. तो केल्यावर दोन वाटा दिसल्या. एक, त्यानं एकट्यानं बंगळुरूला जायचं, तिनं मुलांसकट नाशिकला राहायचं. 1,60,000 आणि 68,000 मिळून 2,28,000. त्यातून त्याचं दुसरं बिऱ्हाड आणि विमान-रेल्वेचा खर्च, 45,000 धरला. उरतात 1,83,000. दोन, तिनं मुलाला घेऊन पुण्याला जायचं, त्यानं मुलीची दहावी होईपर्यंत नाशिकच्याच नोकरीत राहायचं आणि मग पुण्याला यायचं. 1,05,000 आणि 1,10,000 मिळून 2,15,000. पुण्याचं भाडं, मुलाला शाळेनंतर सांभाळण्याची सोय, दर शनिवारची ये-जा असे 35,000 वजा केले. उरतात 1,80,000.

म्हणजे दोन वाटांत फरक होता महिन्याला 3,000 रुपयांचा. 2013 साली होता तेवढाच! ती हसली, आणि मग रडली.

आता तीन हजार एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला काय होतं ते बघा. पहिल्या वाटेत तिचं विभागप्रमुखपद जातं. दोन्ही मुलं, दहावी, सासूबाईंचा रक्तदाब, गॅस, गिरणी, पालकसभा हे सगळं एकट्या तिच्याकडे. आणि गावभर म्हणणार, बिचारा मुलांसाठी एकटा लांब राहतो. दुसऱ्या वाटेत काम दोघांत वाटलं जातं: एक मूल तिच्याकडे, एक त्याच्याकडे. आणि गावभर म्हणणार, पोरीची दहावी असताना आई निघून गेली. हे म्हणणं तिला सोसावं लागणार होतं, आणि ते वहीत मांडता येत नव्हतं.

नवऱ्यानं दोन रात्री घेतल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं बंगळुरूला नकार कळवला. तिथल्या माणसानं फोनवर विचारलं, "मिसेसच्या नोकरीसाठी, सर?" हा प्रश्न त्याला फार लागला. मी त्याला सत्पुरुष वगैरे म्हणणार नाही, तोही स्वतःला म्हणवत नाही. त्याचं नुकसान खरं आहे. मोठा कारखाना गेला, महिन्याचे 50,000 गेले, आणि पुण्याला जाईल तेव्हा कदाचित आजच्याहून थोड्या कमी पगारावर जाईल. ते नुकसान नाहीच असं दाखवलं की ते नंतर भांडणात बाहेर येतं. म्हणून त्यांनी एका कागदावर लिहून ठेवलं. मुलीची परीक्षा झाली की तो राजीनाम्याची नोटीस देईल आणि जूनपर्यंत पुण्याला येईल. पुढच्या वेळी असा प्रसंग आला तर आधी त्याच्या पत्राचा विचार होईल. तिचा फंड कुठल्याही कारणानं काढायचा नाही. तारीख घालून दोघांनी सह्या केल्या. कागदाला कायद्याचं बळ नाही, पण "आपलं असं ठरलंच नव्हतं" असं म्हणायची सोय त्यानं जाते.

मे महिन्यात ती पुण्याला गेली. या वेळी आठ वर्षांची ग्रॅच्युइटी घेऊन, दीड लाखाच्या आसपास, आणि फंड नव्या नोकरीत वर्ग करून. दोन वर्षांत तिची पेन्शनची दहा वर्षं भरतील.

सगळं सुरळीत चाललं आहे असं समजू नका. ऑगस्टमध्ये मुलगा तापानं फणफणला, नेमकी कंपनीत बाहेरची तपासणी चालू होती, आणि तो रात्रीच्या बसनं नाशिकहून आला. शेजारच्या बाई अजून तिला विचारतात, "मिस्टर कुठे असतात?" आणि उत्तर ऐकून "अच्छा" असं लांबवून म्हणतात. एक बारीक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती. नाशिकच्या शाळेत मुलीच्या नावापुढे फोन आईचाच होता. मुलगी उशिरा आली, मुलीचं डोकं दुखतंय, वही राहिली, प्रत्येक फोन पुण्याला विभागप्रमुखांच्या टेबलावर वाजायचा, आणि ती तिथून नाशिकला नवऱ्याला फोन करायची. दीड महिना असा गेल्यावर त्यानं शाळेत जाऊन पहिला नंबर स्वतःचा लिहून घेतला. कारकुनांनी विचारलं म्हणे, "मॅडम बऱ्या आहेत ना?" आता त्याला डब्यात काय द्यायचं ते कळतं, दहावीचं वेळापत्रक पाठ आहे, आणि मुलगी सांगते की बाबाची भाजी आईपेक्षा तिखट असते.

गेल्या आठवड्यात तिचं पुन्हा पत्र आलं. एका शनिवारी जेवताना कशावरून तरी बोलणं वाढलं आणि तो म्हणाला, बंगळुरूला असतो तर आज मी कुठे असतो. तिनं कपाटातून कागद काढला नाही. दोघं उठून गेले. रविवारी संध्याकाळी तो नाशिकला निघताना म्हणाला, नोटीस मी मार्चलाच देणार आहे, ते बदललेलं नाही.

पत्राच्या शेवटी तिनं एक गोष्ट लिहिली आहे. मुलीनं फोनवर सांगितलं की तिला अकरावी नाशिकलाच करायची आहे, मैत्रिणींबरोबर, आजीकडे राहून. त्या रविवारी वहीत आम्ही पगार मांडले, फंड मांडला, प्रवेशाचे नियम मांडले. ती पंधरा वर्षांची मुलगी शेजारच्या खोलीत दार लोटून अभ्यास करत होती. तिला बाहेर बोलवायचं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.